गाईच्या नाकाला पान लागलं, तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं?

प्रश्न: साहेब, संध्याकाळी बांधावर चरताना गाईच्या मुस्कटाला काहीतरी चावलं. तासाभरात नाक नि गाल सुजले. शेजारी म्हणतात पान लागलंय, म्हणजे साप चावलाय, तूप पाजा, कुणी म्हणतं चिरा देऊन रक्त काढा. डॉक्टर दीड-दोन तासांनी येणार. तोवर काय करू? आणि असंच शेळीला झालं तर?

उत्तर: सगळ्यात आधी वेसण आणि म्होरकी काढा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

जनावर चरताना तोंड गवतात घालतं, त्यामुळे त्याला दंश बहुतेक वेळा नाकपुडीवर, ओठावर किंवा गालावर होतो. कधी पायावर होतो, बसलेलं असेल तर कासेवरही होतो. मुस्कटाची सूज झपाट्याने पसरते. पण दोरी काही सैल होत नाही, ती सुजेत रुतत जाते. मग नाकपुड्या बंद होऊन श्वास अडतो, आणि विषाने जे व्हायला वेळ लागला असता ते दोरीमुळे लवकर होतं. वेसण ओढून काढू नका. नाकाबाहेरची गाठ कात्रीने कापा आणि सैल झालेलं टोक हळूच सरकवून घ्या. सुजेत रुतून बसली असेल तर बाहेरची दोन्ही टोकं कापून मोकळी करा आणि आतला तुकडा डॉक्टरांसाठी ठेवा. गळ्यातलं दावं, घंटा, पट्टाही काढा, कारण सूज गळ्यापर्यंत उतरते. पायाला दंश असेल तर पायातली साखळी किंवा तोडा काढा.

यानंतर जनावर हलवू नका. चालवत गोठ्यात नेणं नको, पळवणं तर मुळीच नको. पाय चालले की विष लवकर अंगात भिनतं. जिथे आहे तिथेच सावलीत थांबवा, भोवतालची गर्दी आणि कुत्री पांगवा. सापाच्या मागे लागू नका. दूरून दिसला तर रंग आणि जाडी लक्षात ठेवा, एवढं पुरे. मेलेला सापही हाताळू नका, त्याचं डोकं बराच वेळ चावू शकतं.

आता घड्याळ बघा आणि सूज कुठपर्यंत आली आहे तिथे खडूने किंवा पेनने केसांवर रेघ मारा. दर वीस मिनिटांनी नवी रेघ आणि तिच्याशेजारी वेळ. फोनवर "सूज वाढतेय" म्हणण्यापेक्षा "सहा वाजता नाकापर्यंत होती, साडेसहाला डोळ्यापर्यंत" हे सांगितलंत, तर डॉक्टरांना घरून निघतानाच कळतं की सोबत काय घ्यायचं. फोन करताना तुमच्याकडे प्रतिविष आहे का, हेही विचारा. माणसांना देतात तेच प्रतिविष जनावरांना देतात आणि ते प्रत्येक दवाखान्यात असेलच असं नाही. १९६२ या टोल फ्री क्रमांकावरही फिरता पशुवैद्यकीय दवाखाना मागवता येतो.

तुमच्या वर्णनावरून मला घोणस किंवा फुरसं वाटतं. या दोघांच्या विषाने रक्त गोठण्याची ताकद संपते आणि दंशाच्या जागी सूज व वेदना भरपूर असते. दाताची दोन छिद्रं शोधत बसू नका. केसांमध्ये ती सहसा दिसत नाहीत, आणि न दिसणं म्हणजे दंश नाही असंही नाही. त्यापेक्षा खूण शोधायची ती अशी: दंशाच्या जागेतून पातळ रक्त झिरपत राहणं, हिरड्या किंवा नाकातून रक्त येणं, लघवी लाल किंवा कॉफीसारखी होणं. पांढऱ्या कपड्याने हिरडी अलगद पुसून बघा, रक्त लागलं तर लगेच डॉक्टरांना कळवा.

नाग आणि मण्यार यांचा प्रकार वेगळा. त्यांचं विष नसांवर चालतं. मण्यारीचा दंश तर सुजतही नाही, रात्री होतो आणि सकाळी गोठ्यात गेल्यावर जनावर पडलेलं दिसतं. आधी पापण्या खाली येतात, मग जीभ लुळी पडते. लाळ गळत राहते, कारण ती गिळता येत नाही. मागचे पाय लटपटतात, जनावर बसतं, श्वास उथळ होत जातो. जनावर शुद्धीवर असतं, तुमच्याकडे बघत असतं, पण उठू शकत नाही. अशा वेळी सूज नाही म्हणून निश्चिंत राहू नका.

आता तुपाचं. तूप, दूध, तेल, कांद्याचा रस, काहीही तोंडातून पाजू नका, पाणीसुद्धा नाही. गिळण्याचे स्नायू लुळे पडत असताना पाजलेलं पोटात जात नाही, श्वासनलिकेत जातं. दंशातून वाचलेली जनावरं चार दिवसांनी याच एका कारणाने फुप्फुसाच्या सुजेने मेलेली मी पाहिली आहेत. तेव्हा दोष सापाला दिला जातो. मुस्कट सुजलेल्या तुमच्या गाईला गिळणं तसंही अवघड आहे.

चिरा देण्याचं सांगणाऱ्याला सांगा की रक्त गोठत नसेल तर चिरा बंद होणार नाही. विष तेवढ्या रक्ताबरोबर बाहेरही येत नाही. तोंडाने शोषणं, डाग देणं, बर्फ लावणं, पोटॅशियम परमँगनेट भरणं, यातून फक्त जखम वाढते. पायाला दंश असेल तर वर दोरी आवळून बांधू नका. घोणस आणि फुरशाच्या विषाने मांस सडतं, आणि दोरीने ते विष एकाच जागी कोंडलं की पाय जातो. कोणी आधीच घट्ट बांधून ठेवली असेल आणि बराच वेळ झाला असेल, तर ती डॉक्टरांसमोरच सोडा. घरात उरलेलं वेदनाशामक इंजेक्शनही टोचू नका. मांसात टोचलेल्या सुईच्या जागी रक्त साचून मोठी गाठ होते आणि काही वेदनाशामक औषधांनी रक्तस्राव वाढतो.

जनावर बसलं तर त्याला आडवं पडू देऊ नका. छातीवर टेकवून, दोन्ही बाजूंना कडब्याच्या पेंढ्या किंवा भरलेली पोती लावून बसतं ठेवा. आडवी पडलेली गाय रवंथाचा वायू ढेकरीने बाहेर टाकू शकत नाही, पोट फुगून फुप्फुसावर दाबतं. मान सरळ ठेवा, तोंड डोक्याच्या मानाने थोडं खाली ठेवा, म्हणजे लाळ बाहेर गळेल, घशात जाणार नाही. नाकपुडीतला चिकट शेंबूड ओल्या कपड्याने पुसत राहा. नाकात नळी घालण्याचा प्रयत्न मात्र स्वतः करू नका.

एक फरक सांगतो. घटसर्प या रोगाच्या नावात सर्प आहे, पण सापाशी त्याचा संबंध नाही. त्यातही गळा सुजतो, श्वास घरघरतो, म्हणून लोक पान लागलं समजतात. थर्मामीटर गुदद्वारात दोन मिनिटं ठेवा. गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतं. घटसर्पात ते १०४ ते १०७ पर्यंत चढतं आणि बहुधा दुसरं जनावरही आजारी असतं. फऱ्या या रोगात मागच्या मांडीवर सूज येते आणि दाबल्यावर बोटाखाली चरचरते. या दोन्हींचा इलाज वेगळा आहे, म्हणून तापमान फोनवरच सांगा. जनावर मेलं आणि नाका-तोंडातून काळं, न गोठलेलं रक्त आलं तर सापाचंच आहे असं धरू नका, ते कापू किंवा सोलूही नका. फाशी हा रोगही तसाच दिसतो आणि तो माणसालाही होतो.

एक गाय उदाहरणादाखल सांगतो. दंश सहाच्या सुमारास, डाव्या नाकपुडीवर. मालकाने वेसण कापली, पण पोरांनी गाय हाकत घरापर्यंत आणली होती. सहा पन्नासला सूज डोळ्यापर्यंत, सव्वासातला खालच्या जबड्याखाली. त्याने प्रत्येक रेघ चुन्याने मारली होती. पावणेआठला डॉक्टर पोहोचले. त्यांनी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन ती वीस मिनिटं हलवली नाही. नंतर कलती केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. शेजारच्या निरोगी गाईचं रक्त त्याच वेळी दुसऱ्या नळीत घेतलं होतं, त्याची मात्र गुठळी झाली होती. मग सलाईनमधून प्रतिविष दिलं, हाताशी अॅड्रिनलिन ठेवून, कारण प्रतिविषानेही कधीकधी जनावर अचानक कोसळतं. सहा तासांनी पुन्हा रक्त घेतलं, ते गोठलं. गाय वाचली, नाकावरची कातडी तेवढी गळाली.

शेळीच्या बाबतीत हिशेब वेगळा. साप दंश करताना शेळी आहे म्हणून कमी विष सोडत नाही. तेच विष तीस किलोच्या अंगात जातं, त्यामुळे वेळ फार कमी असतो. प्रतिविषाची मात्राही वजनावर नाही तर विषावर ठरते, म्हणून शेळीला गाईएवढं लागू शकतं. पण शेळी उचलता येते. तिच्यासाठी डॉक्टर येण्याची वाट बघू नका. फोन करून प्रतिविष जिथे आहे तिथेच गाडीत घेऊन जा. छातीवर बसवून, दोन्ही बाजूंना पोतं लावून, मान सरळ आणि तोंड थोडं खाली धरून न्या. उलटी लटकवून किंवा पाय बांधून नेऊ नका.

काहीच लक्षण नसेल, तरी २४ तास नजरेखाली ठेवा. दंश नेहमी विष सोडूनच होतो असं नाही, आणि धामण चावली असेल तर काहीच होणार नाही, पण ते अंदाजाने ठरवू नका. दूध मात्र उपचार चालू असेपर्यंत घरात किंवा वासराला वापरू नका, कधीपासून चालेल ते डॉक्टर सांगतील.

बरी झाल्यावर नाकावरची काळी पडलेली कातडी आठवड्याभरात सुटायला लागेल. ती ओढून काढू नका. जखमेवर माशी बसू देऊ नका, नाहीतर किडे पडतील. मऊ, बारीक चारा द्या, आणि जखम पूर्ण भरून आल्याशिवाय नवी वेसण घालू नका.