नाळेतलं स्वतःचं रक्त जपलेलं असताना भावाचा बोन मॅरो कशाला?

प्रश्न: माझ्या 6 वर्षांच्या मुलीला एएमएल हा ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार झालाय. केमोनंतर रिमिशन आलंय. तिचं नाळेतलं रक्त आम्ही जन्माच्या वेळी खासगी बँकेत ठेवलं होतं, तरी डॉक्टर म्हणतात की 10 वर्षांच्या भावाचा मॅरो घेऊ, तो पूर्ण जुळतो. स्वतःच्या पेशी जास्त सुरक्षित नाहीत का? आणि आता त्या पिशवीचं काय करायचं?

उत्तर:

डॉक्टर सांगताहेत ते बरोबर आहे, आणि जुळणारा भाऊ मिळाला ही तुमच्या मुलीच्या दृष्टीने फार चांगली गोष्ट आहे. सख्ख्या भावंडाचा एचएलए, म्हणजे आपलं-परकं ओळखण्याची पेशींवरची खूण, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. मी ट्रान्सप्लांट विभागाच्या प्रयोगशाळेत काम करते. पिशवीतल्या पेशी मोजायच्या आणि पुढे त्या रुग्णात रुजल्या का हे तपासायचं, हे आमचं काम. तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन पालक आमच्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पिशवीबद्दल. तुम्ही ठेवलेलं रक्त निरोगी बाळाचं होतं असं वाटतं, पण तशी खात्री देता येत नाही. लंडनमधल्या मेल ग्रीव्ह्ज यांच्या गटाने 1990 च्या दशकात एक साधी गोष्ट करून पाहिली. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब तिकडे कागदावर वाळवून जपून ठेवतात. ज्या मुलांना पुढे काही वर्षांनी ल्युकेमिया झाला, त्यांचे ते जुने कागद काढून तपासले, तर अनेकांच्या थेंबांत ल्युकेमियातला तोच जनुकीय बिघाड जन्मालाच हजर होता. आधी हे एएलएल या दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियात दिसलं, नंतर एएमएलच्या काही प्रकारांतही. म्हणजे आजार सहाव्या वर्षी दिसला तरी त्याची पहिली पायरी पोटात असतानाच पडलेली असू शकते. त्या मोजक्या बिघडलेल्या पेशी पिशवीत असतील तर आपण आजार परत तिच्याच अंगात सोडू. तपासणीत काही सापडलं नाही, तरी पेशी फार थोड्या असतील तर त्या निसटू शकतात.

पण समजा पिशवी अगदी स्वच्छ आहे. तरीही एएमएलमध्ये ती फारशी कामाची नाही, आणि खरं कारण इथे आहे. रिमिशन म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली मॅरोत ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी, 5 टक्क्यांपेक्षा कमी दिसताहेत. शून्य झालेत असा त्याचा अर्थ नसतो. कितीही तीव्र औषध दिलं तरी काही पेशी तगून राहू शकतात, आणि त्यांना महिनोन्‌महिने शोधून मारणारं कोणीतरी लागतं. भावाच्या मॅरोबरोबर त्याच्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, येतात. एचएलए जुळत असला तरी दोघांच्या बाकीच्या प्रथिनांत बारीक फरक असतात, आणि त्यामुळे या टी पेशींना तिच्या ल्युकेमियाच्या पेशी परक्या वाटतात. तिच्या स्वतःच्या पेशींना त्या परक्या वाटत नाहीत, म्हणून तर आजार वाढला. एकसारख्या जुळ्या भावंडाचा मॅरो दिलेल्या रुग्णांत हे स्पष्ट दिसलं आहे: पेशी निरोगी, जुळणी शंभर टक्के, आणि तरीही आजार उलटण्याचं प्रमाण साध्या भावंडाच्या मॅरोपेक्षा जास्त. तुमच्या मुलीच्या बाबतीत भावाची प्रतिकारशक्ती हेच औषध आहे.

स्वतःच्या पेशींचं, म्हणजे ऑटोलोगस ट्रान्सप्लांट वेगळ्या हेतूने करतात. मायलोमा, उलटलेला हॉजकिन लिम्फोमा, लहान मुलांतला न्यूरोब्लास्टोमा या आजारांत केमोचा मोठा डोस हाच उपचार असतो. त्या डोसने मॅरो जळून जातो, म्हणून रुग्णाच्या पेशी आधीच रक्तातून गोळा करून गोठवतात आणि औषध देऊन झाल्यावर परत करतात. त्यात दात्याच्या पेशींनी शरीरावर हल्ला करण्याचा प्रश्न नाही आणि रक्तपेशींचे काउंटही लवकर येतात, साधारण 10 ते 12 दिवसांत. त्या अर्थाने ‘स्वतःच्या पेशी सुरक्षित’ हे तुम्ही ऐकलेलं खरं आहे. फक्त ती सुरक्षितता प्रक्रियेची आहे. तुमच्या घरातला धोका आजार उलटण्याचा आहे.

आता भावाकडून पेशी घेताना काय होईल ते सांगते. एएमएलच्या मुलांना बहुतेक ठिकाणी बुसल्फान आणि सायक्लोफॉस्फमाइड ही जोडी देतात. पेशी देण्याचा दिवस शून्य धरतात आणि उलट मोजतात: उणे 7 ते उणे 4 बुसल्फान, मग दोन दिवस सायक्लोफॉस्फमाइड, एक दिवस विश्रांती. हे कंडिशनिंग. यात दोन कामं होतात: उरलेला आजार कमी करणं, आणि मुलीची प्रतिकारशक्ती इतकी दाबणं की ती भावाच्या पेशींना हाकलून लावणार नाही. ऑटोलोगसमध्ये हे दुसरं काम लागतच नाही.

बुसल्फानने झटके येऊ शकतात, म्हणून ते न येण्याचं औषध आधीच सुरू करतात. लहान मुलांच्या शरीरात बुसल्फान किती वेळ टिकतं यात फार फरक असतो. त्यामुळे जिथे सोय आहे तिथे रक्तातली पातळी मोजून डोस बदलतात. तुमच्याकडे अशी सोय आहे का, हे जरूर विचारा. सायक्लोफॉस्फमाइडने मूत्राशयातून रक्त येऊ शकतं, म्हणून मेस्ना आणि भरपूर सलाइन देतात आणि मुलीला रात्रीसुद्धा लघवीला उठवतात. त्या रात्री तिची चिडचिड होईल, पण उठवणं चुकवू नका. रोज वजन आणि पोटाचा घेर मोजतील. वजन भराभर वाढलं, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, बिलिरुबिन चढलं, तर यकृतातल्या बारीक शिरा बंद पडत असल्याची शंका घेतात. हे लवकर ओळखणं फार महत्त्वाचं, म्हणून तो वजनाचा आकडा तुम्हीही वहीत लिहीत जा.

एक गोष्ट मात्र कंडिशनिंगच्या आधीच विचारायची, कारण नंतर वेळ निघून जाते. बुसल्फानचा हा डोस बीजांडकोशावर जबर असतो. पाळी आपोआप न येणं आणि पुढे मूल न होणं हा धोका खरा आहे. इतक्या लहान मुलीसाठी बीजांडकोशाचा भाग काढून गोठवण्याची सोय काही केंद्रांत आहे. एएमएलमध्ये तो भाग परत बसवताना आजाराच्या पेशीही परत जाण्याची भीती असते, त्यामुळे निर्णय सोपा नाही. पण चर्चा तरी व्हायलाच हवी.

शून्याव्या दिवशी भावाला भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूने मॅरो काढतात. मुलीचं वजन 18 किलो धरलं तर आम्ही किलोमागे साधारण 30 कोटी केंद्रकयुक्त पेशींची अपेक्षा ठेवतो, म्हणजे एकूण 540 कोटी. भावाच्या वजनाच्या किलोमागे 20 मिलीपेक्षा जास्त घ्यायचं नाही ही मर्यादा पाळली जाते. तो 28 किलोचा असेल तर 560 मिली ही कमाल झाली, आणि सहसा त्याहून कमीत भागतं. त्याला काही दिवस कंबर दुखेल आणि लोहाच्या गोळ्या लागतील.

तुलनेसाठी नाळेच्या रक्ताचं गणित पाहा. एखाद्या चांगल्या पिशवीत 70 कोटी पेशी असतात असं समजू. 18 किलोच्या मुलीला किलोमागे जवळपास 4 कोटी मिळतील, आणि लागतात किमान अडीच ते तीन कोटी. वितळवताना थोड्या मरतात, तरी भागलं असतं. 60 किलोच्या माणसाला त्याच पिशवीतून जेमतेम सव्वा कोटी मिळतील, म्हणजे अपुऱ्या. म्हणून मोठ्यांना एकाच वेळी दोन बाळांच्या पिशव्या द्यायची पद्धत निघाली. नाळेच्या पेशी संख्येने मॅरोपेक्षा कितीतरी कमी असल्यामुळे रुजायला उशीर लावतात: तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त, आणि तेवढे दिवस जंतुसंसर्गाचा धोका. त्यांची खरी चांगली बाजू अशी की एचएलए थोडा न जुळला तरी चालतं. 1988 साली पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी नाळेच्या रक्ताचं पहिलं ट्रान्सप्लांट केलं, ते फँकोनी अ‍ॅनिमियाच्या 5 वर्षांच्या मुलाचं. रक्त त्याच्या नवजात बहिणीचं होतं. त्याच्या स्वतःच्या नाळेत तोच जनुकीय दोष असणार होता. आपल्याकडे थॅलेसेमियातही तेच लागू पडतं. आता आईवडिलांकडून अर्ध्या जुळणीचा मॅरो घेता येऊ लागल्यामुळे परक्याच्या नाळेच्या रक्ताची गरजही पूर्वीपेक्षा कमी पडते.

भावाची पिशवी रक्त चढवल्यासारखीच सेंट्रल लाइनमधून जाईल. त्यानंतरचे दोन आठवडे सर्वांत अवघड. पांढऱ्या पेशी शून्यावर येतात, तोंड सोलून निघतं, ताप येतो. मॅरो असेल तर अडीच-तीन आठवड्यांच्या सुमारास न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वर येतात. सलग तीन दिवस 500 च्या वर राहिले की त्यातला पहिला दिवस आम्ही एनग्राफ्टमेंटचा, म्हणजे पेशी रुजल्याचा, धरतो. प्लेटलेट त्यानंतर. चार आठवडे उलटले आणि काउंट हलला नाही, तर पेशी रुजल्या नसाव्यात असं समजून पुढची तयारी करावी लागते.

काउंट आले म्हणजे ते भावाचेच, असं मात्र नाही. महिन्याभराने कायमेरिझमची, म्हणजे भावाच्या पेशी किती आणि तिच्या किती हे पाहण्याची, तपासणी होते. दाता मुलगा आणि रुग्ण मुलगी असल्यामुळे तुमच्या बाबतीत एक्सवाय पेशी मोजूनही ते कळतं. सगळ्या एक्सवाय हव्यात. एक्सएक्स दिसू लागल्या, विशेषतः पुढच्या तपासणीत वाढल्या, तर तिचा जुना मॅरो किंवा आजार डोकं वर काढतोय. मग टी पेशींना आवरून धरणारं औषध सायक्लोस्पोरिन लवकर कमी करून भावाच्या टी पेशींना मोकळं सोडतात, कधी त्याच्या लिम्फोसाइट वेगळ्या देतात. याच टी पेशी जास्त भडकल्या तर तळहात-तळपाय लाल होतात, हिरवट पातळ जुलाब लागतात, कावीळ होते. यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट न पाहता फोन करा.

1983 साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आपल्याकडचं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, तेही एएमएल असलेल्या एका मुलीचं, आणि दाता तिचा भाऊच होता.

राहिली पिशवी. स्वतःसाठी म्हणून नाळेचं रक्त खासगी बँकेत ठेवायला वैज्ञानिक आधार नाही, असं आयसीएमआरने स्पष्ट म्हटलंय. घरात आधीच्या मुलाला असा आजार असेल ज्याला भावंडाच्या पेशी लागतील, तर गोष्ट वेगळी. तुम्हाला तेव्हा हे कोणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं. आता ही पिशवी भावालाही देऊ नये, कारण वर सांगितलेली शंका तिथेही आहे. आणि आजच एक काम करा: मुलीचं निदान बँकेला लेखी कळवा. काही योजनांत सभासदांच्या पिशव्या एकमेकांना वापरायला खुल्या असतात. तुमची योजना तशी असेल तर ही पिशवी त्या साठ्यातून काढायला सांगा आणि काढल्याचं पत्र मागून घ्या.