भंगार व्यवसायात कोणता माल साठवावा?

प्रश्न: सांगलीत भंगाराचे दुकान काढतो आहे, भाव पडला तर माल साठवून ठेवावा का?

पुठ्ठा साठवू नये, तांबे साठवता येते. समजा, 11 रुपये किलोने घेतलेल्या 5 टन पुठ्ठ्याचा भाव 2 रुपयांनी उतरला, तर 10,000 रुपये बुडतात. शिवाय गोदाम अडते आणि पावसाळ्यात गठ्ठ्याच्या मधोमध हात घातल्यावर ओल लागली, की कारखाना वजन कापतो. तेवढ्याच पैशांचे तांबे दोन-तीन पोत्यांत मावते. मात्र सोललेली आणि जळकी तार वेगळी ठेवावी, कारण मिसळलेल्या पोत्याला हलक्या मालाचाच भाव मिळतो.

जीएसटी नोंदणी असल्यास, बिननोंदणी विक्रेत्याकडून घेतलेल्या धातूच्या भंगारावरील कर 10 ऑक्टोबर 2024 पासून आपणच भरायचा असतो. खरेदीभाव ठरवतानाच ती रोकड बाजूला धरावी.