तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून खोटेपणाची नोटीस आली, तर

प्रश्न: "मी वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे. सुपरवायझर सगळ्यांसमोर अपमान करतो, मुद्दाम रविवारची ड्युटी लावतो अशी मी लेखी तक्रार केली होती. समितीने 'आरोप सिद्ध झाले नाहीत' असा अहवाल दिला. आता खोटी तक्रार केली म्हणून मलाच कारणे दाखवा नोटीस आली आहे, सात दिवसांत उत्तर द्यायचंय. एच. आर. म्हणतात माफीनामा लिहून दे, नाहीतर पोलिसात जाऊ. काय करू?"

ताई, माफीनामा लिहू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आधी लक्षात ठेवा. सध्या कंपनीच्या हातात फक्त एक अहवाल आहे आणि त्यात तुम्ही खोटं बोललात असं कुठेही म्हटलेलं नाही. "माझ्याकडून चुकीची तक्रार झाली, क्षमा असावी" एवढं एक वाक्य तुमच्या सहीने फाइलला लागलं, की त्यांच्याकडे नसलेला पुरावा तुम्ही स्वतःच दिलेला असेल.

वेर्णा आणि कुंडई या दोन्ही वसाहतींतल्या अशा चौकशांना मी कामगारांचा प्रतिनिधी म्हणून बरीच वर्षं बसतो आहे. तुमच्यासारखी नोटीस नवीन नाही. समितीपुढचा प्रश्न एवढाच होता, की सुपरवायझरने हे केलं असं मानायला पुरेसा आधार आहे का. समितीने "नाही" म्हटलं. तुम्हाला नोटीस देताना प्रश्न पूर्ण बदलतो: तक्रार लिहिताना हे घडलेलं नाही हे तुम्हाला ठाऊक होतं का? या दुसऱ्या प्रश्नावर समितीने ना पुरावा घेतला, ना कुणाला काही विचारलं. म्हणून पहिल्या अहवालावरून दुसरी शिक्षा देता येत नाही. त्यासाठी वेगळा आरोप, वेगळी चौकशी आणि बचावाची संधी लागते. आणि आता सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर आहे, तुमच्यावर नाही.

आपल्या पुराव्याच्या कायद्यातही एखादी गोष्ट सिद्ध होणं, ती खोटी असल्याचं सिद्ध होणं आणि यातलं काहीच सिद्ध न होणं या तीन वेगळ्या अवस्था आहेत. १८७२च्या जुन्या कायद्यात त्या होत्या, २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहेत. खात्यांतर्गत चौकशीला तो कायदा जसाच्या तसा लागू नसतो, पण विचार तोच आहे. तुमची तक्रार तिसऱ्या खणात पडली आहे. कंपनी तिला परस्पर दुसऱ्या खणात टाकू पाहते आहे.

प्रामाणिक तक्रार तिसऱ्या खणात कशी जाते हे तुमच्याच विभागाकडे बघून समजेल. ब्लिस्टर मशीन चालू असताना चार पावलांवरचं बोलणंही नीट ऐकू येत नाही. कॅमेरे असतात, पण बहुतेक ठिकाणी त्यात आवाज नसतो. चित्रात दिसतो तो हातवारे करणारा सुपरवायझर आणि मान खाली घातलेली बाई, आणि तो म्हणतो की मी बॅच नंबर तपासायला सांगत होतो. शेजारच्या टेबलावरच्या मुली कंत्राटदाराच्या, पुढच्या महिन्यात त्यांचं कंत्राट संपणार, म्हणून त्या "आम्ही काही ऐकलं नाही" असं सांगतात. ड्युटी चार्ट मागवला तर तुमचे रविवार इतरांपेक्षा थोडेच जास्त निघतात. समितीला फौजदारी कोर्टासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, कोणती बाजू जास्त शक्य वाटते एवढंच पाहायचं असतं. पण अशा स्थितीत तेवढाही कल ठरत नाही आणि समिती "सिद्ध झाले नाही" लिहिते. तो निष्कर्ष योग्य असू शकतो आणि तुमचा शब्द न् शब्दही खरा असू शकतो.

जाणूनबुजून केलेली खोटी तक्रार मी प्रत्यक्ष पाहिली आहे, तीही सांगतो. कुंडईच्या एका कारखान्यातल्या स्टोअरमधल्या माणसाला साठ्यात तफावत आल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. आठवड्याच्या आत त्याने अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार दिली: अमुक दिवशी दुपारी स्टोअरमध्ये मला शिव्या दिल्या, रजिस्टर अंगावर फेकलं. त्या दिवशी अधिकारी मुंबईला होता, गेटच्या नोंदीत आणि प्रवासाच्या बिलात ते स्पष्ट होतं. व्यवस्थापन तिथेच थांबणार होतं. मी आणि समितीतल्या आणखी एकीने थांबू दिलं नाही, कारण छळ सोसलेला माणूस तारीख चुकतो. रोज घडणाऱ्या गोष्टीची तारीख कोण लिहून ठेवतो? तारीख चुकली एवढ्यावरून माणूस खोटारडा ठरत नाही. मग ज्याला त्याने साक्षीदार म्हणून नाव दिलं होतं, त्याने स्वतःहून मोबाइल पुढे केला. तक्रारीच्या आदल्या रात्रीचा मेसेज होता: "त्याने मेमो दिला ना, आता त्याच्यावर छळाची कम्प्लेंट टाकतो. रजिस्टर फेकलं असं सांग, बाकी मी बघतो." प्रकरण खोटं ठरलं ते या मेसेजने. कारण घटना घडली नाही हे आणि ते त्याला माहीत होतं हे, अशा दोन्ही गोष्टी त्यात एकत्र दिसत होत्या. त्याच्यावर वेगळं आरोपपत्र निघालं, साक्षीदाराची उलटतपासणी करायची संधी त्याला मिळाली आणि शेवटी नोकरी गेली. मी कामगारांच्या बाजूने बसणारा माणूस आहे, तरी मला ती शिक्षा जड वाटली नाही. दुसऱ्याला खोटी साक्ष द्यायला लावून एखाद्याची पोटापाण्याची नोकरी घालवायचा तो प्रयत्न होता.

असा पुरावा नसेल तर खोटेपणाचा आरोप उभा राहत नाही. तक्रारदाराने तक्रार मागे घेतली, साक्षीदार फिरला, सांगताना थोडं वाढवून सांगितलं, किंवा तक्रार ताकीद मिळाल्यानंतर आली, यातली एकेक गोष्ट एकटी काही सिद्ध करत नाही. सूड म्हणून केलेली तक्रारसुद्धा खरी असू शकते. मात्र बनावट कागद, खाडाखोड केलेला चार्ट, मागचंपुढचं कापून अर्थ बदललेला स्क्रीनशॉट असं काही तुमच्याकडून गेलं असेल, तर मी वर लिहिलेलं तुम्हाला वाचवणार नाही. आजच तुमची कागदपत्रं पुन्हा बघा.

हा फरक कायद्याने स्पष्ट लिहून ठेवल्याचं ठळक उदाहरण म्हणजे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा. त्याच्या कलम १४मध्ये जाणूनबुजून खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे. पण तिथेच म्हटलं आहे, की केवळ तक्रार शाबीत करता आली नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही म्हणून कारवाई व्हायला नको, आणि दुष्ट हेतू आधी रीतसर चौकशीत सिद्ध व्हायला हवा. तुमची तक्रार त्या कायद्याखालची नाही. इतर प्रकारच्या छळाला असा स्वतंत्र कायदा नाही, कंपनीचे नियम आणि स्थायी आदेश पाहावे लागतात. म्हणून कंपनीच्या तक्रार धोरणाची प्रत लेखी मागा. बहुतेक धोरणांत "सद्भावनेने केलेल्या तक्रारीवर कारवाई होणार नाही" अशा अर्थाचं वाक्य असतं. तुमच्या उत्तरात तेच वाक्य त्यांना दाखवता येईल.

पोलिसांच्या धमकीबद्दल. खोट्या माहितीबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम २१७ हे सरकारी नोकराला दिलेल्या खोट्या माहितीसाठी आहे. कलम २४८ आहे ते कुणाला इजा करायच्या हेतूने, आधार नाही हे माहीत असताना, गुन्ह्याचा खोटा आरोप करणाऱ्यासाठी. खासगी कंपनीतला एच. आर. सरकारी नोकर नाही, आणि रविवारची ड्युटी लावणं हा गुन्हाही नाही. राहिलं कलम ३५६, म्हणजे बदनामी. त्याच्या अपवादांत, ज्याला दखल घ्यायचा अधिकार आहे अशा व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार येते. फक्त तो आडोसा अधिकृत तक्रारीपुरता आहे. हीच गोष्ट तुम्ही गावच्या किंवा कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुपरवायझरचं नाव घेऊन टाकली असेल, तर तिला तो मिळणार नाही. टाकू नका, आणि टाकली असेल तर वकिलाला आधी ते सांगा.

तक्रार सिद्ध न होणं आणि ती खोटी असणं या दोन गोष्टी एक मानल्या की नुकसान आधी साक्षीदारांचं होतं. तुमच्या शेजारच्या दोघी "ऐकलं नाही" म्हणाल्या. तुम्हाला शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी "ऐकलं" म्हणायची हिंमत कायमच्या नोकरीतलीही करणार नाही, कारण सिद्ध झालं नाही तर आपणही खोट्यात निघू हे तिने पाहिलेलं असेल. मग समितीपुढे फक्त रेकॉर्डिंग असलेल्या तक्रारी येतील, आणि औषध कंपनीच्या आत मोबाइल नेऊच देत नाहीत. सुपरवायझरचंही नुकसान आहे. ज्याच्यावर खरोखर खोटा आळ आला, त्याला "आळ खोटा होता" असा स्वच्छ निष्कर्ष मिळायला हवा. प्रत्येक अपुऱ्या तक्रारीला खोटी म्हणत गेलं तर त्या निष्कर्षाला किंमत राहत नाही.

आता उत्तर. एक पान पुरे. आधी चौकशी अहवालाची आणि नोंदवलेल्या जबाबांची प्रत मागा आणि ती मिळेपर्यंत मुदतवाढ मागा. नाकारली तरी सात दिवसांत उत्तर द्याच. मग साधारण असं लिहा: "माझ्या तक्रारीतले कोणते विधान खोटे आहे आणि ते खोटे असल्याचे मला ठाऊक होते हे कोणत्या पुराव्यावरून म्हटले आहे, हे नोटिशीत नमूद नाही. मी जे पाहिले व ऐकले तेच लिहिले आहे. समितीने आरोप सिद्ध न झाल्याचे म्हटले आहे, ते खोटे असल्याचे म्हटलेले नाही." त्याखाली तुमच्या माहितीचा आधार द्या. जे स्वतः ऐकलं ते तसं, दुसरीने सांगितलं ते "तिने सांगितलं" म्हणून. त्या काळात घरी किंवा मैत्रिणीला पाठवलेले मेसेज असतील तर जोडा. तक्रारीच्या आधीचे असतील तर फारच उपयोगी, कारण तुम्ही तेव्हाही तेच मानत होतात हे त्यातून दिसतं. सुपरवायझरबद्दल नवा आरोप या उत्तरात घालू नका. त्या दोघींना जबाब बदलायला सांगायलाही जाऊ नका.

उत्तर ईमेलने पाठवा आणि कागदावर दिलेल्या प्रतीवर पोच घ्या. युनियन असेल तर तिला कळवा. नसेल आणि पुढे बदली, पगारवाढ रोखणं किंवा निलंबन असं काही आलं, तर पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. नोटीस, उत्तर, अहवाल आणि आधीची तक्रार तारखेनुसार लावून तिथे न्या. कंपनीने "जाऊ दे, विषय संपला" असं तोंडी सांगितलं, तर नोटीस मागे घेतल्याचं पत्र मागा आणि त्यावर नोटिशीचा क्रमांक आणि तारीख आहे का ते पाहूनच घ्या.