काळी मेंदी, नीळ की अमोनिया-फ्री? आधी पाकिटाची मागची बाजू वाचा

प्रश्न: "वय ३१. कानशिलांवर आणि भांगात पांढरे केस आलेत, अंदाजे पंधरा टक्के. केस खांद्यापर्यंत. नुसती मेंदी लावली की ते केशरी दिसतात. मग दुकानातली 'हर्बल काळी मेंदी' आणली. अर्ध्या तासात छान काळा रंग आला, पण दुसऱ्या दिवशी कानामागे खाज सुटली आणि बारीक पुरळ उठलं. मैत्रीण म्हणते अमोनिया-फ्री कलर लाव, सौम्य असतो. रत्नागिरीजवळ राहते, घरी विहिरीचं पाणी. काय लावू?"

अमोनिया-फ्री आणू नका. रंग लावल्या लावल्या चुरचुरलं आणि धुतल्यावर थांबलं, तर ती बहुतेक वेळा साधी जळजळ असते. खाज आणि पुरळ दुसऱ्या दिवशी आलं, तर ॲलर्जीची शक्यता जास्त, आणि अशा वेळी पहिला संशय पीपीडीवर, म्हणजे पॅरा-फेनिलिनडायअमाइनवर घ्यायचा. अर्ध्या तासात काळं करणाऱ्या 'काळ्या मेंदी'त बहुधा तेच असतं. खरी मेंदी काळा रंग देतच नाही, आणि खऱ्या निळीला, म्हणजे कपड्यांची नव्हे तर नीळ वनस्पतीच्या पानांची पावडर, तिला दीड-दोन तास लागतात. पाकीट अजून घरात असेल तर मागच्या बाजूला घटकांच्या यादीत ते नाव शोधा. पुढे 'हर्बल' लिहिलं आहे की नाही याला काही अर्थ नाही. चमचाभर आवळा-शिकेकाई घातली तरी ते लिहिता येतं.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल. कायम टिकणाऱ्या रंगात अमोनियाचं काम एवढंच की केसाचं बाहेरचं आवरण फुगवून रंगाला आत वाट करून द्यायची. अमोनिया-फ्री डब्यात हे काम सहसा इथेनॉलअमाइन करतं. ते हवेत उडत नाही म्हणून नाकाला झोंबत नाही, आणि म्हणून 'सौम्य' वाटतं. पण रंग तयार करणारी रसायनं तीच राहतात: पीपीडी किंवा त्याचं भावंड टोल्युइन-२,५-डायअमाइन, सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड. पीपीडीची ॲलर्जी असलेल्या अनेकांना त्या भावंडाचीही होते. दर वेळी लावल्यावर ही ॲलर्जी वाढूही शकते. पुढच्या खेपेला पापण्या आणि चेहरा सुजण्यापर्यंत जातं. तसं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट डॉक्टरकडे जा. एरवीही त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घेतली तर नेमकं कशाचं वावडं आहे ते कळेल.

तुमच्यासाठी उरतो तो दोन टप्प्यांचा रंग: आधी मेंदी, मग नीळ. मेंदीतलं लॉसोन केसातल्या प्रथिनाला धरून बसतं आणि पांढरा केस तांबूस करतं. त्यावर नीळ बसली की तपकिरी-काळा रंग येतो. पांढऱ्या केसावर नुसती नीळ लावली तर निळसर-हिरवट छटा दिसते, म्हणून पहिला टप्पा गाळायचा नाही.

फक्त मुळं आणि कानशिलं करायची तर ५० ग्रॅम मेंदी आणि ६० ग्रॅम नीळ पावडर पुरते. दोन्ही पाकिटांवर घटक म्हणून फक्त वनस्पतीचं नाव असावं, दुसरं काही नाही. तरीही आधी दोन्हींचा थेंबभर लगदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास थांबा.

आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा आणि खोबरेल लावू नका. आपल्याकडे तेल रोजचंच, आणि रंग न चढण्याचं सगळ्यात साधं कारण तेच. मेंदी पिण्याच्या कोमट पाण्यात दह्याइतकी सैल भिजवा, हवं तर चमचाभर लिंबू पिळा आणि झाकून ठेवा. आपल्या उन्हाळ्यात चार-पाच तासांत वरचा थर तपकिरी होतो, तेव्हा लावायला घ्या. रात्रभर उकाड्यात ठेवलेली मेंदी उतरलेली असते. कानशिलांवरचा केस जाड आणि हट्टी, म्हणून सुरुवात तिथून करा, थर जाड द्या, वर प्लास्टिकची टोपी घाला. तीन तासांनी नुसत्या पाण्याने धुवा. या टप्प्याला केशरी दिसणारच, घाबरू नका.

नीळ मात्र आधी भिजवून ठेवायची नाही. कोमट पाण्यात (लिंबू, दही, चहा काही नको) कालवा, चिमूटभर मीठ घाला, दहा-पंधरा मिनिटांनी पृष्ठभाग निळसर-काळा दिसू लागला की ताबडतोब ओल्या केसांना लावा. अर्ध्या तासाने तिचा जोर कमी व्हायला लागतो. दीड ते दोन तास ठेवा, पाण्याने धुवा, आणि पुढचे दोन दिवस शाम्पू नको. पहिल्या दिवशी किंचित हिरवट झाक दिसली तर थांबा. हवा लागून रंग दोन-तीन दिवसांत गडद होतो.

नीळ फसते ती बहुतेक वेळा पावडर जुनी किंवा दमट असल्यामुळे. ताजी पावडर हिरवीगार असते, राखाडी किंवा मातकट झाली की तिच्यात दम नाही. पावसाळ्यात उघडं पाकीट कोकणात काही आठवड्यांतच मेलेलं समजा. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. शंका आली तर चमचाभर पावडर कालवून पांढऱ्या कापसावर ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत कापूस निळा झाला नाही, तर डोक्यावर मेहनत वाया घालवू नका.

पाण्याचंही सांगतो. खाडीकाठच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, आणि जिथे बादलीच्या तळाशी तांबूस साका बसतो तिथे पाण्यात लोह आहे. कालवायला म्हणून पिण्याचं पाणीच घ्या, धुवायला विहिरीचं चालेल. लोखंडी कढईत मेंदी-आवळा भिजवण्याची रीत याच लोहावर चालते: आवळ्यातलं टॅनिन आणि लोह मिळून काळपट होतात, पण तो रंग वरवरचा, लवकर उतरतो. जास्वंदीची पानं, माका, ब्राह्मी यांनी केस मऊ वाटतील, पण पांढरा केस त्यांनी रंगत नाही.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून चार-पाच आठवड्यांनी फक्त मुळांना हेच करायचं. लांबीवर दर वेळी नीळ चढवत गेलात तर टोकं जड, निर्जीव काळी दिसतात. पुढे पार्लरमध्ये ब्लीच किंवा हायलाइट करायचे असतील तर नीळ लावल्याचं आधी सांगा, नाहीतर केस हिरवट होऊ शकतात.

ज्यांना अशी ॲलर्जी नाही आणि चार-पाच तास बसायला वेळ नाही, त्यांना अमोनिया-फ्री चालतो. त्यांनीही दर वेळी ४८ तासांची चाचणी करावी. पांढऱ्या केसांना सहसा ६ टक्के पेरॉक्साइडचा, म्हणजे २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर लागतो. कानशिलं आधी आणि पाकिटावरची पूर्ण वेळ द्या. घाईने लवकर धुतलं की जाड पांढरे केस अर्धवट, काचेसारखे राहतात. आणि ज्या पावडरीत काय आहे हे कळत नाही ती लावलेल्या केसांवर पेरॉक्साइडचा रंग थेट लावू नका. काही पावडरींत धातूंचे क्षार असतात आणि त्यांच्याशी पेरॉक्साइडची गाठ पडली की केस तापतात, तुटतात. आधी विंचरताना निघालेल्या चार केसांवर करून बघा.