करारात ६०, कंपनी म्हणते ५८

"नेमणूकपत्रात निवृत्तीचं वय ६० आहे. एचआरनं परिपत्रक काढून ५८ला निवृत्त करणार म्हटलंय आणि एका फॉर्मवर सही मागितलीय. पन्नाशीपुढच्यांना बढतीही देत नाहीत. हे चालतं का?"

आधी तो फॉर्म बाजूला ठेवा. त्यावर 'स्वेच्छानिवृत्ती' किंवा 'राजीनामा' असं काही असेल, तर सही केल्यावर हातात फारसं उरत नाही.

कारण असं की कामगार कायद्यात करारात ठरलेल्या वयाला झालेली निवृत्ती आणि स्वेच्छानिवृत्ती, या दोन्ही गोष्टी 'कपात', म्हणजे मालकानं कामगाराला नोकरीतून कमी करणं, मानल्या जात नाहीत. त्यामुळे कपातीची भरपाईही लागू होत नाही. पण करारात ६० असताना ५८ला घरी बसवलं, तर ती करारानुसार निवृत्ती होत नाही, ती कपात ठरू शकते. कपातीला एक महिन्याची नोटीस (किंवा तेवढा पगार) आणि पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार लागतो. पगार ४०,००० आणि नोकरी २२ वर्षं असेल, तर ही भरपाई साधारण ४,४०,००० होते, ग्रॅच्युइटी वेगळी. उरलेल्या दोन वर्षांचा पगारच ९,६०,००० होतो. फॉर्मच्या बदल्यात कंपनी काय देऊ करतेय, ते या आकड्यांशी ताडून बघा.

एकतर्फी परिपत्रकानं करार बदलत नाही. मात्र युनियननं ५८ वयाचा समझोता केला असेल, तर तो तुम्हालाही बंधनकारक असू शकतो. म्हणून समझोत्याची आणि स्थायी आदेशांची, म्हणजे कंपनीच्या सेवाशर्तींच्या नियमांची, प्रत मिळवा.

आता कळीचा प्रश्न: तुम्ही कायद्यानं 'कामगार' आहात का? हुद्द्याच्या नावावर ते ठरत नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. व्यवस्थापक आणि दरमहा १८,०००पेक्षा जास्त पगाराचे पर्यवेक्षक त्यात येत नाहीत. कामगार असाल तर ५८ची तारीख येण्याआधीच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोकरी गेलीच, तर कामगार आयुक्त कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत यासाठी मुदत दोन वर्षांची आहे, आधी ती तीन होती. जुना सल्ला ऐकून थांबू नका.

व्यवस्थापक असाल तर वाट अवघड आहे. करारात तीन महिन्यांच्या नोटिशीचं कलम असेल, तर कंपनी तेच वापरेल, आणि दिवाणी न्यायालय सहसा नोकरी परत देत नाही. भरपाईही बहुतेकदा नोटीस-पगाराएवढीच मिळते.

बढतीचं स्पष्टच सांगतो. खासगी नोकरीत वयावरून भेदभाव करायला बंदी घालणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. घटनेचं १६वं कलम सरकारी नोकरीपुरतं आहे. कामगारांसाठी एक आधार आहे: गुणवत्ता डावलून एका गटाला झुकतं माप देणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. ते सिद्ध करायला कंपनीचं बढती धोरण आणि सलग पाच-सहा वर्षांचे मूल्यमापन अहवाल लागतील. चांगला शेरा पन्नाशीच्या वर्षापासूनच अचानक घसरलेला दिसला, आणि तसाच इतरांचाही, तर तो पुरावा तोंडी टोमण्यांपेक्षा कितीतरी भक्कम. कंपनीचा ईमेल बंद व्हायच्या आत या प्रती काढून ठेवा.