शिवी ऐकल्यावर पहिले काही क्षण

"सिग्नलला कुणी विनाकारण तोंड सोडलं की माझं डोकं सटकतं. गप्प बसलो तर रात्रभर मनाला लागून राहतं, बोललो तर प्रकरण हातघाईवर येतं. करू तरी काय?"

पुण्यातल्या एका गृहस्थांचंही हेच दुखणं होतं. ओळखू येऊ नये इतका तपशील बदलून सांगते. संध्याकाळची गर्दी, स्कूटरवर मागे मुलगी. सिग्नल सुटला तरी पुढची रिक्षा हलेना. मागून एक मोटारसायकलवाला ओरडला, "ए, रस्ता तुझ्या बापाचा आहे का?" हे गृहस्थ स्कूटर स्टँडला लावून उतरले आणि थेट त्याची कॉलर धरली. मुलगी रडायला लागली तेव्हा कुठे हात सुटला.

कॉलर धरण्याआधी अंगात काय झालं, असं मी विचारलं. जरा आठवून ते म्हणाले, "कान तापले. मुठी हँडलवर आवळल्या." तुमच्याही अंगात अशी काहीतरी खूण उमटत असेल, ती शोधा. त्या वेळी शरीर मारामारीच्या तयारीत असतं, तिथे चतुर उत्तर सुचत नाही. म्हणून ते घरूनच तयार हवं. खूण जाणवली की मूठ सैल करायची आणि श्वास घेतला त्याहून सावकाश सोडायचा. त्याने छातीतली धडधड उतरायला लागते. मगच तोंड उघडायचं.

मग आम्ही वाक्य शोधायला बसलो. त्यांचं पहिलं उत्तर होतं, "हो, बापाचाच आहे, टोल भर." मजेशीर, पण मी ते खोडायला लावलं. चारचौघांत हसं झालेला माणूस माघार घेत नाही. विनोद अडचणीवर करावा, माणसावर नाही. शेवटी ठरलं, "नाही हो, म्हणून तर सगळेच अडकलोय. मी बाजूला घेतो, जा तुम्ही पुढे." यात 'हो' आणि 'तुम्ही' मुद्दाम ठेवले, आणि समोरच्याला निघून जायला वाट दिली. मी मोटारसायकलवाली झाले, चढ्या आवाजात ओरडले, आणि त्यांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं. सुरुवातीला शब्द नम्र आणि स्वर बोचरा येत होता. माझ्या मते खरी मेहनत त्या स्वरावरच करावी लागते. शेवटचा शब्द खाली उतरला पाहिजे.

पुढे एकदा पेट्रोल पंपाच्या रांगेत हे वाक्य थोडं बदलून त्यांनी वापरलं. समोरचा पुटपुटला, नजर वळवली आणि पुढे सरकला. "त्या रात्री मनात काही घोळलं नाही," असं ते म्हणाले. गिळून गप्प बसणं आणि ठरवून शांत राहणं यातला फरक त्यांना तिथे कळला.

मात्र समोरचा प्यायलेला असेल, गाडीवरून उतरून अंगावर येत असेल किंवा पाठलाग करत असेल, तर एक शब्दही बोलू नका. गर्दीच्या जागी किंवा पोलीस चौकीकडे गाडी वळवा आणि 112 ला फोन करा.