हेज आहे म्हणून मार्जिन कमी, पण किती तारखेपर्यंत?

प्रश्न: अमेरिकेतल्या माझ्या खात्यात रेग टी मार्जिन आहे. शेअरवर पुट घेऊन ठेवलेत तरी निम्मे पैसे अडकतात. ब्रोकर म्हणतो पोर्टफोलिओ मार्जिन घ्या, खूप कमी लागेल. दोन्हींत नेमका फरक काय, आणि घ्यावं का?

उत्तर:

तुमची पोझिशन जवळपास हीच माझी होती, म्हणून राहवलं नाही.

रेग टी खातं म्हणजे यादी बघून आकारलेलं मार्जिन. कव्हर्ड कॉल, स्प्रेड, कॉलर अशा ठरलेल्या जोड्यांची यादी आहे. तुमचे लेग, म्हणजे पोझिशनचे एकेक भाग, त्या यादीत बसले तर सवलत, नाही बसले तर उरलेला शॉर्ट, म्हणजे विकलेला, लेग नेकेड, म्हणजे आधार नसलेला, धरायचा. शिवाय शेअर घेताना निम्मी रक्कम भरावीच लागते. खाली पुट असलं, म्हणजे ठरलेल्या भावाला विकायचा हक्क हातात असला, तरी ही पहिली अट हलत नाही, पुटचे पैसे वर वेगळे. पुटचा फायदा नंतरच्या मेंटेनन्समध्ये, म्हणजे पोझिशन टिकवायला खात्यात ठेवाव्या लागणाऱ्या रकमेत, दिसतो. तुमचे पैसे इथेच अडकलेत.

पोर्टफोलिओ मार्जिनमध्ये जोड्या कोणी बघत नाही. एका कंपनीचे तुमचे सगळे शेअर आणि ऑप्शन एकत्र घेतात, भाव 15 टक्के वर आणि 15 टक्के खाली यांच्यामध्ये दहा ठिकाणी ठेवून बघतात, आणि जिथे सगळ्यात जास्त तोटा दिसेल तेवढं मार्जिन. ब्रॉड इंडेक्स ऑप्शनला हा पट्टा लहान असतो, मोठ्या इंडेक्सना 6 टक्के वर आणि 8 खाली. नावात पोर्टफोलिओ आहे म्हणून कोणी फसू नये: शेव्हरॉन घेऊन एक्सॉन शॉर्ट केलं तर या हिशेबात दोघांची वजावट शून्य. दोघांचे भाव रोज हातात हात घालून चालत असले तरी.

आता माझी गोष्ट. खात्यात 1,30,000 डॉलर होते. 100 डॉलरचा एक शेअर मला आवडला, त्यावर 95 चे पुट 3 डॉलरला मिळत होते. रेग टीमध्ये दर शेअरमागे 50 अधिक 3, म्हणजे मला जेमतेम 2,400 शेअर झेपले असते. पोर्टफोलिओ मार्जिनमध्ये मात्र भाव कितीही पडला तरी शेअरवर 5 आणि पुटचे 3, असा दर शेअरमागे 8 डॉलरच्या वर तोटाच होत नव्हता. मी 4,000 शेअर घेतले, 40 पुट घेतले, मार्जिन लागलं फार तर 32,000. सुमारे 2,82,000 डॉलर ब्रोकरचे. उरलेल्या रकमेकडे बघून छाती फुगली होती हे कबूल करतो.

माझा साडू पुण्यात निफ्टी ऑप्शन करतो. त्याला फोन करून हे सांगितलं तर म्हणाला, "भावजी, आमच्याकडे मार्जिन मोजणारं स्पॅन कधीपासून हेच करतंय. मार्जिन कमी लागलं म्हणजे रिस्क कमी आहे, मशीनच सांगतंय." मी तेव्हा हो म्हणालो. हे हो म्हणणं महागात पडलं.

पुटची मुदत संपायच्या शुक्रवारी शेअर 98 वर होता. पुट जवळजवळ शून्याला आले होते, पण दिवस संपेपर्यंत जिवंत होते. त्यामुळे मशीनच्या दृष्टीने मी 98 वरून फार तर 95 पर्यंतच पडू शकत होतो. 3 गुणिले 4,000, म्हणजे मार्जिन 12,000. स्क्रीनवर इतका आरामात मी कधीच नव्हतो. नवे पुट त्या दिवशी महाग वाटले, म्हटलं सोमवारी स्वस्तात घेऊ.

शनिवारी सकाळी ब्रोकरचा मेसेज. पुट गेले, उरले नुसते 3,92,000 डॉलरचे शेअर. एकाच शेअरमध्ये सगळं अडकलेलं खातं असलं की माझा ब्रोकर 15 ऐवजी 30 टक्के पडझड धरायचा. पुट होते तोवर हा आकडा मला दिसलाच नाही, कारण पुटमुळे 15 टक्के काय आणि 30 टक्के काय, तोटा तेवढाच. आता मागणी 1,17,600. खात्यात पुटचे 12,000 आणि भावातले 8,000 गेल्यावर राहिले होते 1,10,000. काल 12,000, आज जवळजवळ दहापट, आणि मधल्या रात्री भाव एक पैसाही हलला नव्हता.

सोमवारी शेअर उघडला 93 ला. माझे झाले 90,000, मागणी 1,11,600. मी पुटची ऑर्डर टाकत होतो तोवर ब्रोकरने 800 शेअर विकून टाकले होते. तुटवडा भरायला नियमात तीन कामाचे दिवस आहेत, पण ब्रोकरला तेवढं थांबायची सक्ती नाही, करारात ते लिहिलेलं असतं. शिवाय माझ्या ब्रोकरच्या 1,00,000 च्या किमान मर्यादेखाली गेल्यामुळे, ती भरून काढेपर्यंत हेजशिवाय नवीन काही घेता येईना.

रेग टीमधले ते 2,400 शेअर असते तर? त्याच सोमवारी खात्यात 1,06,000 असते आणि पुटशिवायचं मेंटेनन्स 25 टक्के, म्हणजे 55,800. मेसेजसुद्धा आला नसता. तोटा झाला असता, पण माझ्या मर्जीने बसून बघितलेला.

साडूचं आजही म्हणणं आहे की चूक मुदत विसरण्याची, पद्धतीची नाही. मी विसरलो नव्हतो हो! तारीख तोंडपाठ होती. मुद्दा असा की हे मार्जिन आजच्या भावावर आज धक्का देऊन बघतं, उद्या कोणता लेग नसेल हे त्यात नाही. रेग टीची ती बावळट यादी निदान तारीख तरी विचारते: तुमचा लाँग कॉल फेब्रुवारीचा आणि शॉर्ट मार्चचा असेल तर ती जोडी मानतच नाही, शॉर्ट नेकेड धरते. पोर्टफोलिओ मार्जिन मात्र फेब्रुवारी संपेपर्यंत दोघांची मजेत वजावट देत राहतं. साडूच्या निफ्टीतही एक लेग आधी काढला की मार्जिन कसं उडतं ते त्याने भोगलंय, फक्त माझ्यासमोर सांगत नाही.

घ्यावं का? इंडेक्स ऑप्शन विकत असाल, किंवा एकाच शेअरवर वेगवेगळ्या मुदतींचे बरेच लेग असतील तर घ्या, रेग टीमध्ये विनाकारण पैसे कुजतात. नुसते शेअर आणि पुट असतील आणि मोकळी झालेली रक्कम वापरायचीच नसेल, तरीही घ्या. वापरणार असाल तर आधी ब्रोकरच्या स्क्रीनवर पुट काढून टाकून मागणी किती होते ते बघा. बहुतेकांकडे अशी काल्पनिक पोझिशन टाकायची सोय असते. तो आकडा खात्यातल्या रकमेच्या वर जात असेल तर तुमचे शेअर खरं तर जास्त झालेत.

हो, आकडे मी सोपे केलेत, कर्जावरचं व्याज धरलेलं नाही, आणि एकवटलेल्या खात्याला किती टक्के धरायचे हे प्रत्येक ब्रोकरचं वेगळं असतं, रातोरात बदलतंही. मी आता मुदतीच्या आदल्या आठवड्यातच पुढच्या महिन्याचे पुट घेतो. साडू म्हणतो थीटा, म्हणजे मुदत जाता जाता झिजणारी पुटची किंमत, वाया घालवतोस. घालवतो.